ग्राहकाचा ई-मेल, चौसष्ट अक्षरांचा हॅश आणि जाहिरातीचा हिशेब

गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात ‘एन्हान्स्ड कन्व्हर्जन्स’ नावाचा एक पर्याय २०२१ पासून आहे. तो सुरू करावा की नाही, हे विचारणारा जाहिरातदार बहुधा दोन शंका एका दमात मांडतो. जाहिरातीमुळे झालेली विक्री अहवालात पूर्ण दिसत नाही, ती यामुळे दिसेल का? आणि त्यासाठी माझ्या गिऱ्हाइकांचे ई-मेल आणि मोबाइल नंबर गूगलला द्यायचे, हे बरोबर आहे का? दुसऱ्या शंकेवर एजन्सीचं उत्तर ठरलेलं असतं : “काळजी करू नका, सगळं हॅश होऊन जातं.” हे उत्तर खोटं नाही, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न जाहिरातदाराने विचारलेलाच नसतो.

आधी विक्री दिसेनाशी का होते ते पाहू. समजा, रत्नागिरीचा एक बागायतदार स्वतःच्या वेबसाइटवरून हापूसच्या पेट्या विकतो आणि मार्चमध्ये गूगल सर्चवर जाहिरात लावतो. पुण्यातल्या एक बाई आयफोनवर ती जाहिरात बघून क्लिक करतात, भाव पाहतात आणि अजून थोडा उतरू दे म्हणून थांबतात. त्या क्लिकबरोबर वेबसाइटच्या पत्त्याला `gclid` नावाची एक लांबलचक खूण चिकटून येते. साइटवरचा गूगलचा टॅग ती खूण `_gcl_aw` या कुकीत ठेवतो. ही कुकी एरवी ९० दिवस टिकते. पण आयफोनवरच्या सफारीने २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचं आयुष्य ७ दिवसांवर आणलं आहे, आणि जाहिरातीच्या दुव्यावरून आलेल्या भेटीत ते २४ तासांवरही येऊ शकतं. बारा दिवसांनी भाव उतरतो. बाई साइटचं नाव थेट टाइप करून दोन पेट्या मागवतात. कुकी केव्हाच गेलेली असते. पैसे जाहिरातीवर खर्च झाले, गिऱ्हाईक जाहिरातीमुळेच आलं, पण अहवालात त्या ऑर्डरपुढे जाहिरातीचं नाव नाही. बाईंनी ऑर्डर ऑफिसच्या लॅपटॉपवरून दिली असती, तर तिथे ती कुकी कधी नव्हतीच.

हा दुवा जोडायला दुसरी एखादी खूण लागते, आणि ती बाईंनी ऑर्डर देताना स्वतःच दिलेली असते : ई-मेल, मोबाइल नंबर, नाव, पत्ता. एन्हान्स्ड कन्व्हर्जन्स सुरू असेल तर ऑर्डर नक्की झाल्याच्या पानावर टॅग ही माहिती उचलतो, ब्राउझरमध्येच तिचा हॅश करतो आणि विक्रीच्या नोंदीबरोबर गूगलकडे पाठवतो. गूगलकडे आपल्या खातेदारांच्या ई-मेलचे तसेच हॅश तयार असतात. दोन्ही जुळले आणि त्या खात्यात लॉग-इन असताना जाहिरातीवर क्लिक झालेलं असलं, तर ऑर्डर त्या क्लिकच्या नावावर लागते. अट दुहेरी आहे. बाई क्लिक करताना गूगलमध्ये लॉग-इन हव्यात, आणि दुकानात दिलेला ई-मेल किंवा नंबर त्यांच्या गूगल खात्यावरचाच हवा. कंपनीचा ई-मेल दिला आणि फोनमध्ये स्वतःचं जीमेल असलं, तर जुळणी नंबरावर किंवा पत्त्यावर अवलंबून राहते. म्हणून यातून हरवलेली सगळी विक्री परत मिळत नाही, तिचा काही भाग मिळतो.

आता हॅशकडे. इथे वापरतात ती पद्धत शा-२५६. तिच्यात काहीही घाला, बाहेर ६४ चिन्हांची एक ओळ येते, आणि तेच घातलं तर प्रत्येक वेळी तीच ओळ येते. नमुन्याच्या एका पत्त्यावर ती अशी दिसते :

```
test@example.com
973dfe463ec85785f5f95af5ba3906eedb2d931c24e69824a89ea65dba4e813b
```

यातलं एक अक्षर मोठं केलं किंवा शेवटी एक रिकामी जागा राहिली, तर आधीच्या ओळीशी काहीही नातं नसलेली वेगळीच ओळ तयार होते. जुळणीतला बहुतेक घोळ इथेच होतो. म्हणून हॅश करण्याआधी माहिती एका साच्यात बसवावी लागते. ई-मेलच्या मागच्या-पुढच्या रिकाम्या जागा काढायच्या, सगळी अक्षरं छोटी करायची, आणि पत्ता जीमेलचा असेल तर `@` च्या आधीचे टिंब काढून टाकायचे. मोबाइल नंबर देशाच्या कोडसकट, मध्ये जागा किंवा रेघ न ठेवता लिहायचा, म्हणजे `+91` आणि लगेच दहा आकडे. आपल्याकडे फॉर्ममध्ये लोक नंबर कसाही टाकतात. कोणी आधी शून्य लावतं, कोणी नुसते दहा आकडे देतं, कोणी पाच-पाचच्या दोन गटांत लिहितं. माणसाला ते सगळं एकच वाटतं, हॅशला ते तीन वेगवेगळे नंबर वाटतात.

कच्चा ई-मेल गूगलच्या टॅगला दिला तर ही साफसफाई तो स्वतः करतो. पण “आमच्याकडून कच्ची माहिती बाहेर जाता कामा नये” असा आग्रह धरून डेव्हलपरने सर्व्हरवरच हॅश करायचं ठरवलं, की साच्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आणि इथे एक खास खड्डा आहे. गूगलला नंबर अधिक-चिन्हासकट हवा असतो, तर मेटाच्या कन्व्हर्जन्स एपीआयला नुसते आकडे, म्हणजे `91` पासून सुरू होणारे. हॅश करून ठेवलेला एकच रकाना दोघांना पाठवला तर एकाकडची नंबराची जुळणी जवळपास शून्यावर येते, आणि कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही.

पर्याय नीट चालतोय की नाही, हे खात्यातल्या हिरव्या खुणेवर विसंबून ठरवू नये. स्वतः एक चाचणीची ऑर्डर टाका, क्रोममध्ये डेव्हलपर टूल्सचं `Network` पान उघडं ठेवा आणि गूगलकडे गेलेल्या विनंत्यांमध्ये `em` हा घटक शोधा. त्याची किंमत `tv.1~em.` अशी सुरू होऊन पुढे चिन्हांची लांब माळ असेल तर माहिती गेली. `tv.1` नंतर काहीच नसेल तर टॅग चालला, पण त्याच्या हाती ई-मेल लागला नाही. सर्व्हरवरून पाठवत असाल तर ही ओळ ओळखून ठेवा :

```
e3b0c44298fc1c149afbf4c8996fb92427ae41e4649b934ca495991b7852b855
```

हा रिकाम्या मजकुराचा हॅश आहे. डेटाबेसमधल्या शंभर ऑर्डरींपुढे हीच ओळ दिसली, तर तुम्ही शंभर वेळा काहीच नाही ते अगदी सुरक्षितपणे पाठवलं आहे. दुसरी तपासणी याहून सोपी : दोन वेगळ्या ई-मेलवरून दोन ऑर्डरी टाका आणि दोन्ही वेळचे हॅश शेजारी ठेवून बघा. सारखेच निघाले, तर बहुधा टॅगने गिऱ्हाइकाचा नव्हे, पानाच्या तळाशी छापलेला दुकानाचाच ई-मेल उचललेला असतो. टॅगला पान चाळून ई-मेल आपोआप शोधू दिला की हे होऊ शकतं. त्यापेक्षा ऑर्डरच्या माहितीतला नेमका रकाना दाखवून द्यावा. तासाभराचं काम वाढतं, पण नंतरची शोधाशोध वाचते.

एवढं झालं की माहिती पोचते. ती लपते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो जाहिरातदारांना कोणी नीट उलगडून सांगत नाही.

हॅश उलटा फिरवून मूळ मजकूर काढता येत नाही, हे गणिताच्या पातळीवर बरोबर आहे. पण उलटा फिरवायची गरजच पडत नाही. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर मिळून ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण गेम खेळायला घेतलेलं आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काहीशे कोटी शा-२५६ हॅश काढतं. तेव्हा भारतातल्या प्रत्येक संभाव्य नंबराचा हॅश काढून तुमच्या यादीशी ताडून पाहायला त्याला काही सेकंद पुरतात. ई-मेलला थोडा जास्त आधार आहे, कारण शक्यता अमर्याद असतात. मात्र जगात फुटलेल्या ई-मेलच्या याद्या एवढ्या आहेत, की बहुतेक पत्ते कुठल्या ना कुठल्या यादीत सापडतात. न्यू यॉर्कच्या टॅक्सींचं प्रकरण या क्षेत्रात नेहमी सांगितलं जातं. शहराने २०१३ सालच्या टॅक्सी-फेऱ्यांची माहिती दिली, तिच्यात गाड्यांचे परवाना क्रमांक हॅश केलेले होते. २०१४ मध्ये एका इंजिनिअरने सगळे शक्य क्रमांक हॅश करून ते जवळपास सगळे उलगडून दाखवले. तिथली हॅशची पद्धत जुनी होती, पण दोष पद्धतीचा नव्हता. क्रमांकच मोजके होते.

पासवर्ड साठवताना यावर उपाय असतो. प्रत्येक पासवर्डमध्ये काही यादृच्छिक अक्षरं मिसळून मग हॅश करतात, म्हणजे आधीपासून तयार ठेवलेली यादी कामी येत नाही. इथे तो उपाय करता येत नाही. बागायतदाराने स्वतःची अक्षरं मिसळली तर गूगलकडचा हॅश त्याच्याशी जुळणारच नाही, आणि सगळी खटपट जुळणीसाठीच तर आहे. यातून निघणारी गोष्ट कडू आहे, पण सरळ आहे : जो हॅश गूगलला ओळखता येत नाही तो मोजणीला निरुपयोगी, आणि जो मोजणीला उपयोगी तो गूगलने ओळखलेला. हॅश तुमच्या गिऱ्हाइकाला वाटेतल्या चोरापासून, चुकून उघड्यावर राहिलेल्या फाइलपासून आणि एजन्सीतल्या कुतूहलापासून बऱ्यापैकी वाचवतो. ज्याला पाठवला त्याच्यापासून वाचवत नाही, आणि त्याने वाचवावं अशी रचनाही नाही.

मग गूगलला नवीन कळतं तरी काय? ई-मेल त्याच्याकडे होताच. नवीन कळतं ते हे, की या खात्याच्या मालकाने अमुक वेळी, अमुक दुकानात, एवढ्या रकमेची खरेदी केली. पेटीभर आंब्यांच्या बाबतीत यात लपवण्यासारखं फारसं नाही. पण विक्रीच्या नोंदीबरोबर पानाचा पत्ता आणि बरेचदा शीर्षकही जातं. तिथे आंब्याऐवजी गर्भ-चाचणी, कर्जफेडीचा सल्ला किंवा मानसोपचाराची भेट असेल, तर ई-मेल हॅश केला आहे या समाधानाला काही अर्थ राहत नाही. अमेरिकेत बेटरहेल्प ही ऑनलाइन समुपदेशन देणारी कंपनी यातच सापडली. तिने वापरकर्त्यांचे ई-मेल हॅश करूनच फेसबुकला दिले होते. फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये म्हटलं, की फेसबुक हे हॅश आपल्या खातेदारांशी जुळवेल हे कंपनीला ठाऊक होतं, म्हणून हॅश केला ही सबब चालणार नाही. प्रकरण ७८ लाख डॉलर भरून मिटलं. त्याच कमिशनने २०२४ च्या जुलैमध्ये स्वतंत्र टिपण काढून बजावलं, की हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही. युरोपचा कायदाही अशा माहितीला टोपणनाव दिलेली, पण वैयक्तिकच माहिती मानतो.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यापाऱ्यावरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक, अशी या कायद्याची व्याख्या आहे, आणि जुळणीसाठीच पाठवलेला हॅश तिच्याबाहेर राहतो असं म्हणणं मला तरी टिकणारं वाटत नाही. कायद्याला संमती हवी ती मोकळी, नेमक्या हेतूसाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली. ऑर्डर पोचवण्यासाठी दिलेला नंबर जाहिरात मोजायला वापरणं हा दुसरा हेतू झाला. म्हणून चेकआउटवर त्याची वेगळी चौकट ठेवा, ती आधीच टिक केलेली नसावी, आणि मजकूर सरळ असावा : “तुमचा ई-मेल व नंबर सांकेतिक रूपात गूगलला पाठवून आमच्या जाहिरातीचा उपयोग झाला का ते आम्ही तपासतो. नको असेल तर खूण करू नका, ऑर्डरवर काही परिणाम होणार नाही.” सूचना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोयही कायद्याने मागितली आहे, तेव्हा मराठी मजकूर आजच लिहून ठेवलेला बरा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. अठरा वर्षांखालच्यांवर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणं हे तर मुळातच निषिद्ध आहे. शाळकरी मुलांचे क्लास विकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

गिऱ्हाइकाने नकार दिला तर तो टॅगपर्यंत पोचायला हवा. गूगलच्या कन्सेंट मोडमध्ये त्यासाठी ओळ आहे :

```
gtag('consent', 'default', {
  'ad_storage': 'denied',
  'ad_user_data': 'denied'
});
```

सुरुवात नकारापासून करायची आणि चौकटीवर खूण झाली तरच `granted` पाठवायचं. `ad_user_data` नाकारलेलं असताना ग्राहकाची माहिती जाहिरातीसाठी जात नाही. ते खरंच तसं होतं का, हे पुन्हा त्याच `Network` पानावर, खूण न करता टाकलेल्या ऑर्डरीत `em` शोधून बघा. मी पाहिलेल्या बऱ्याच साइटवर संमतीची पट्टी देखणी असते, आणि तिच्या कुठल्याच बटणाची तार टॅगला जोडलेली नसते. आणखी एक : हा पर्याय सुरू करताना ग्राहक-माहितीच्या अटी स्वीकाराव्या लागतात. ते बटण एजन्सीतला नवखा मुलगा दाबतो, पण ग्राहकापुढे उत्तर दुकानदारालाच द्यावं लागतं.

आता मोजणीच्या अचूकतेकडे, कारण तिथेही एक गैरसमज जम बसवून आहे. बागायतदाराने महिन्याला ५०,००० रुपये खर्च केले आणि अहवालात ७० ऑर्डरी दिसत होत्या असं धरू. म्हणजे एका ऑर्डरीमागे साधारण ७१४ रुपये. पर्याय सुरू केल्यावर, तेवढ्याच खर्चात, ८२ दिसू लागल्या. खर्च ६१० वर आला. एजन्सी लगेच आलेख पाठवते, की ऑर्डरीमागचा खर्च पंधरा टक्के उतरला. प्रत्यक्षात त्या १२ ऑर्डरी आधीही येतच होत्या, त्यांच्यापुढे नाव नव्हतं एवढंच. गल्ल्यात एक रुपया वाढलेला नाही. म्हणून पर्याय सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. एकूण विक्री बँकेतल्या जमेशी ताडावी.

याचा परिणाम बोलीवरही होतो. बोली आपोआप लावायचं काम गूगलवर सोपवलं असेल आणि ऑर्डरीमागे ७०० रुपये हे लक्ष्य दिलेलं असेल, तर आता ६१० दिसल्यावर यंत्रणेला वाटतं की अजून जागा आहे. ती बोली वाढवते, खर्च वाढतो. नवीन आकडे स्थिरावायला महिनाभर द्या आणि मग लक्ष्य खाली आणा. हे न केल्यामुळे “एन्हान्स्ड कन्व्हर्जन्सने पैसे खाल्ले” अशी तक्रार ऐकायला मिळते.

आणि काही प्रश्नांची उत्तरं हा पर्याय देतच नाही. बाईंनी जाहिरात पाहिली नसती तरी त्या याच बागायतदाराकडून आंबे घेणार होत्या का, हे कुठलाही हॅश सांगत नाही. ते कळायला काही शहरांत जाहिरात बंद ठेवून विक्री बघावी लागते. कॅश ऑन डिलिव्हरीची पेटी दारातून परत गेली, तर टॅगच्या लेखी ती विक्री झालेलीच असते. ज्यांचा माल असा परत येतो त्यांनी प्रत्येक ऑर्डरीचा क्रमांक कन्व्हर्जनबरोबर पाठवावा आणि परत आलेल्या ऑर्डरी त्याच क्रमांकाने नंतर रद्द करून कळवाव्यात. त्याच क्रमांकामुळे पान पुन्हा उघडलं तर एकच विक्री दोनदा मोजली जात नाही. परतीचं प्रमाण मोठं असलेल्या दुकानात या एका कामाने अहवाल जितका सुधारतो, तितका हॅश पाठवून सुधारणार नाही. मात्र याचं कौतुक कोणी करत नाही, कारण यात आकडा वाढत नाही, कमी होतो.

गूगलने सप्टेंबर २०२४ मध्ये गोपनीय जुळणी जाहीर केली. सुरुवात ग्राहक-याद्यांपासून झाली, आणि जुळणी अशा बंदिस्त संगणकीय जागेत होते जिथे प्रक्रिया चालू असताना गूगललाही आतली माहिती बघता येऊ नये. नुसत्या हॅशपेक्षा ही दिशा नक्कीच बरी, कारण ती घेणाऱ्याचेच हात बांधायचा प्रयत्न करते. पण काय पाठवायचं, कोणाच्या परवानगीने पाठवायचं, हे ती तुमच्यासाठी ठरवत नाही.

तेव्हा ज्याच्याकडे आंबे, साड्या, भांडी, पुस्तकं असा माल आहे, गिऱ्हाईक विचार करायला दिवस-आठवडे घेतं आणि चेकआउटवर ई-मेल मिळतो, त्याने संमतीची चौकट लावून हा पर्याय जरूर सुरू करावा. सुरुवात फक्त ई-मेलने करावी, आणि जुळणी अगदीच कमी दिसली तरच नंबर जोडावा. ज्याची महिन्याची विक्री दहा-वीस ऑर्डरींची आहे त्याने घाई करू नये, त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवर “आमच्याबद्दल कुठे कळलं?” असं विचारूनच जास्त कळेल. आणि ज्याच्या पानाच्या नुसत्या पत्त्यावरून गिऱ्हाइकाचं आजारपण, कर्ज किंवा घरातली अडचण कळते, त्याने हा पर्याय बंदच ठेवावा, मग अहवालात विक्री थोडी कमी दिसली तरी.